तार लावण्याआधी नाक तपासा

दुसरीतल्या मुलीला घेऊन आईवडील दातांच्या डॉक्टरकडे येतात. तक्रार साधी असते. दुधाचे दात पडून वरचे पुढचे दात आले, ते एकमेकांवर चढलेत, तार कधी लावायची? डॉक्टर तोंडात आरसा घालण्याआधीच विचारतात, ‘‘रात्री घोरते का?’’ आईवडील एकमेकांकडे बघतात. दातांसाठी आलो आणि हे घोरण्याचं काय विचारतायत, असा भाव चेहऱ्यावर असतो. मग आई म्हणते, ‘‘घोरते थोडी. बाबांवर गेलीय.’’

तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांची बरीच प्रकरणं अशीच, चुकीच्या दारातून आत येतात. दुखणं नाकाचं असतं, पण लक्षात येतं ते दात वेडेवाकडे दिसायला लागल्यावर. तोवर दोन-चार वर्षं गेलेली असतात. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. पण ती सवय मानली जाते, नाहीतर बावळटपणा. आजी ‘तोंड मीट’ म्हणून हनुवटीला टिचकी मारते आणि विषय तिथेच संपतो.

नाकाने श्वास घेताना ओठ मिटलेले असतात आणि जीभ आपोआप वर जाऊन टाळूला टेकलेली असते. हे वाचता वाचता स्वतःची जीभ कुठे आहे ते पाहिलं तरी कळेल. मुलाच्या वाढीच्या वर्षांत जिभेच्या या जागेला फार महत्त्व असतं. वरचा जबडा अजून घडत असतो. बाहेरून गालांचे स्नायू त्याला आत दाबत असतात आणि आतून जीभ त्याला आधार देत असते. कुंभार मडकं थापताना एक हात आत धरतो आणि बाहेरून थापी मारतो, तसंच हे. आतला हात काढून घेतला तर मडकं आत चेपणार.

तोंडाने श्वास घ्यायचा तर हवेला वाट हवी. त्यासाठी खालचा जबडा खाली येतो आणि त्याच्याबरोबर जीभही टाळू सोडून खाली उतरते. गालांचा दाब मात्र चालूच राहतो. असं तासन्‌तास, महिनोन्‌महिने होत राहिलं की वरचा जबडा रुंदीला वाढायचा तो अरुंद राहतो आणि टाळू उंच, खोलगट दिसू लागतो. दातांच्या ओळीची नेहमीची गोलाई जाऊन ती पुढे टोकदार होते. दात तेवढेच पण जागा कमी, म्हणून ते एकमेकांवर चढतात. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेरून बसायला हव्यात, त्या आत बसू लागतात. खालचा जबडा सतत लोंबता राहिल्याने दाढा जास्त वर येतात, चेहऱ्याचा खालचा भाग लांबतो आणि हनुवटी खाली व मागे जाते. ओठ मिटायचे तर मुलाला मुद्दाम जोर लावावा लागतो. तेव्हा हनुवटीवरच्या कातडीला बारीक सुरकुत्या पडतात. वरच्या पुढच्या दातांच्या हिरड्या कोरड्या पडतात, लाल होऊन सुजतात. रोज ब्रश करूनही एवढ्याच भागात रक्त येत असेल तर कारण बहुधा हेच असतं.

डोळ्यांखाली काळसर झाक, अरुंद नाकपुड्या, लांबट चेहरा आणि उघडं तोंड, या चेहऱ्याला वैद्यकीय पुस्तकांत ‘अ‍ॅडिनॉइड फेस’ असं नाव आहे. अ‍ॅडिनॉइड म्हणजे नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या पोकळीत असलेला, टॉन्सिलसारखाच मांसल गोळा. बोलीभाषेत लोक ‘नाकामागचं मांस वाढलंय’ म्हणतात ते हेच. तो प्रत्येक मुलाला असतो. साधारण दोन-तीन वर्षांपासून तो वाढतो, पाच ते सात वर्षांच्या आसपास सर्वांत मोठा असतो आणि पुढे वयात येईपर्यंत आक्रसत जातो. अडचण अशी की नेमक्या याच वर्षांत मागची पोकळी लहान असते. आरशात पाहून टॉन्सिल दिसतात, अ‍ॅडिनॉइड दिसत नाही. म्हणूनच १८६८ मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरने त्याचं वर्णन करेपर्यंत या दुखण्याला नीट नाव नव्हतं. मेयरला ते सापडलं ते बहिरेपणा आणि अस्पष्ट बोलणं घेऊन आलेल्या रुग्णांमध्ये, टाळूमागे बोट घालून तपासताना.

बोलण्याची ती खूण आजही उपयोगाची आहे आणि मराठीत तर ती फारच सोपी पडते. ‘म’ आणि ‘न’ म्हणताना आवाज नाकातून जातो. मागची वाट बुजली असेल तर ‘मामा’चं ‘बाबा’ होतं आणि ‘नाना’चं ‘दादा’. सर्दी झाल्यावर कोणाचाही आवाज असा होतो, पण चार दिवसांत सुटतो. ज्या मुलाचा मामा महिनोन्‌महिने बाबाच राहतो, त्याच्या नाकामागे काहीतरी अडलेलं आहे.

आता थोडं सावध व्हायला हवं. कारण ‘तोंडाने श्वास घेतला की चेहरा बिघडतो’ हे वाक्य जितकं सरळ दिसतं तितकं ते खरं नाही.

कॅलिफोर्नियातले दंतशास्त्रज्ञ एगिल हारवोल्ड यांनी १९७० च्या दशकात ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लांच्या नाकपुड्या सिलिकॉनच्या बुचांनी बंद केल्या आणि त्यांची वाढ पाहिली. सगळी पिल्लं तोंडाने श्वास घ्यायला शिकली, पण प्रत्येकाने आपापली युक्ती काढली. कोणी प्रत्येक श्वासाला जबडा उघडून मिटत असे, कोणी तो कायमच खाली धरून ठेवी, कोणी जीभ बाहेर काढे. ज्याची युक्ती जशी तशी त्याच्या जबड्याची आणि दातांची ठेवण बदलली. म्हणजे चेहरा बदलतो हे खरं, पण तो बदलतो स्नायू सतत काय करतात त्यावर. हवा कुठून जाते हे त्यामागचं फक्त निमित्त. शिवाय या पिल्लांची नाकं पूर्ण बंद होती. माणसाच्या मुलाचं नाक सहसा असं पूर्ण बंद नसतं. बहुतेक मुलं थोडी हवा नाकातून, थोडी तोंडातून घेतात.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये स्टेन लिंडर-आरोनसन यांनी खऱ्या मुलांचा अभ्यास केला. ज्यांचं अ‍ॅडिनॉइड काढावं लागलं अशा मुलांचा वरचा जबडा इतर मुलांपेक्षा अरुंद, चेहरा लांब आणि पुढचे दात आत कललेले आढळले. शस्त्रक्रियेनंतर नाकाने श्वास सुरू झाल्यावर पुढच्या काही वर्षांत दात पुढे आले आणि खालच्या जबड्याची वाढ खालीऐवजी पुढच्या दिशेने वळू लागली. सगळ्यांच्यात सारखी नाही आणि सरसकट पूर्णही नाही, पण वळली. दुसऱ्या बाजूने, लांब चेहऱ्याच्या मुलांची नाकं मोजून पाहिल्यावर असंही दिसलं की त्यांतल्या अनेकांचं नाक अगदी मोकळं असतं. त्यांचा चेहरा आईवडिलांकडून आलेला असतो. म्हणून नुसता फोटो पाहून ‘हे तोंडाने श्वास घेतल्यामुळे’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे. मूल शांत बसलेलं असताना, सर्दी नसताना, थंड स्टीलचा चमचा त्याच्या नाकाखाली आडवा धरायचा. दोन्ही बाजूंना सारखं धुकं धरलं तर दोन्ही नाकपुड्या चालू आहेत. मग तोंडात घोटभर पाणी धरायला सांगायचं आणि ओठ मिटून टीव्ही बघत बसवायचं. दोन मिनिटं सहज बसलं तर नाकात मोठा अडथळा नाही. अर्ध्या मिनिटात डोळे मोठे करून पाणी गिळून टाकलं तर आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला पाण्याची परीक्षा देऊ नये, ठसका लागतो. चमचा पुरे.

यातून एक गोष्ट हमखास बाहेर येते. ओठ उघडे असलेली बरीच मुलं प्रत्यक्षात नाकानेच श्वास घेत असतात. लहान वयात वरचा ओठ आखूड असतो, तो पुढे वाढतो. उघडे ओठ आणि तोंडाचा श्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीसाठी धावाधाव करण्याचं कारण नाही.

दिवसापेक्षा रात्र जास्त सांगते. मुलांच्या झोपेत अडथळा पहाटे वाढतो, कारण स्वप्नांची गाढ सैलावलेली झोप तेव्हा जास्त असते. झोपल्यावर तासाभराने डोकावून ‘आता तर शांत झोपलाय’ म्हणण्यात म्हणून फारसा अर्थ नाही. पहाटे चार-पाचच्या सुमारास दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढावा. सदरा वर करून छाती आणि पोट दिसू द्यावं, खोलीतला पंखा क्षणभर बंद करावा म्हणजे आवाज टिपला जाईल. त्यात पाहायचं ते असं. मान मागे ताणून, उशी सोडून झोपलंय का? श्वास आत घेताना छाती आत खेचली जाते आणि पोट फुगतं का? घोरणं मध्येच थांबतं, काही सेकंद छाती हलते पण आवाज नसतो, आणि मग एकदम धापेसह सुरू होतं का? कपाळ-मान घामाने भिजते का? हे असेल तर प्रश्न नुसत्या दातांचा राहत नाही. झोपेत श्वास अडतोय आणि त्याला तातडीने तज्ज्ञ हवा. पूर्वी कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, सकाळी डोकं दुखतं म्हणालं, किंवा दिवसभर पेंगण्याऐवजी उलट चिडचिडं आणि एका जागी न बसणारं झालं, तर तेही याच खात्यात धरतात. कमी झोपलेलं मोठं माणूस सुस्त होतं, लहान मूल बहुतेकदा हुल्लड करतं.

सुरुवातीच्या मुलीकडे परत येऊ. ती एक विशिष्ट मुलगी नाही, दवाखान्यांत नेहमी दिसणाऱ्या अनेक मुलांचं मिळून बनलेलं चित्र आहे. वय सात. आठवड्यातून चार-पाच रात्री घोरते, तोंड उघडं. टीव्हीचा आवाज मोठा करते आणि बाई म्हणतात, हाक मारली तरी लक्ष नसतं. सर्दी पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला महिनाभर टिकते, सकाळी दहा-बारा शिंका येतात, नाक हाताच्या तळव्याने वर चोळायची सवय आहे. वरचा जबडा अरुंद, उजव्या बाजूच्या वरच्या दाढा आत बसतात आणि दात चावताना जबडा किंचित उजवीकडे सरकतो.

दातांचा डॉक्टर शहाणा असेल तर तो लगेच तार लावत नाही. तो तिला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवतो, कारण नाक बंद असताना जबडा रुंद केला तरी ज्या कारणाने तो अरुंद झाला ते तसंच राहतं.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी कान पाहतो. अ‍ॅडिनॉइडच्या शेजारीच कानाला जोडणाऱ्या नळीचं तोंड असतं. ते दबलं की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. दुखत काहीच नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही. ‘लक्ष नसतं’ याचं कारण पुष्कळदा ‘ऐकू येत नाही’ हे असतं. त्यानंतर बारीक दुर्बिणीने नाकातून मागे पाहतात, किंवा मूल फारच घाबरलं तर मानेचा बाजूने एक्स-रे काढतात. त्यात अ‍ॅडिनॉइडने मागची किती वाट व्यापली आहे ते दिसतं.

या मुलीत दोन कारणं एकत्र आहेत, अ‍ॅलर्जी आणि मोठं अ‍ॅडिनॉइड. झोपेत श्वास थांबत नसेल तर डॉक्टर सहसा आधी स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा सहा ते बारा आठवडे देऊन पाहतात. ‘स्टेरॉइड’ शब्दाला घरचे बिचकतात. पण हा डोस सूक्ष्म असतो, काम नाकापुरतंच करतो आणि यांतले काही फवारे दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्य आहेत. फवारा लागू पडत नाही याचं एक कारण औषधात नसून हातात असतं. मान मागे टाकून, नाकाच्या मधल्या पडद्यावर फवारा मारला की औषध घशात उतरतं आणि पडद्याला जखम होऊन रक्त येतं. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, बाटलीचं टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखून मारायचा आणि जोरात हुंगायचं नाही. आणि रोज. नाक वाहील तेव्हाच मारायचा असा तो नाही. घरात जुन्या गोधड्या उन्हात टाकणं, भिंतीची ओल आणि बुरशी काढणं, उदबत्ती आणि विडी-सिगारेटचा धूर बंद करणं हेही याच काळात करायचं, नाहीतर फवारा बंद केला की नाक पुन्हा बंद.

फरक पडला नाही, कानात पाणी तसंच राहिलं किंवा झोपेत श्वास अडत असेल, तर अ‍ॅडिनॉइड काढतात, आणि टॉन्सिलही मोठे असतील तर तेही. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा निकाल इथे आईवडिलांना सांगायला हवा. झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांत शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली. शस्त्रक्रिया न करता नुसती नजर ठेवलेल्या मुलांपैकीही ४६ टक्क्यांची आली. शस्त्रक्रिया झालेल्यांची वागणूक आणि झोप अधिक सुधारली, पण लक्ष देण्याच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. म्हणजे अ‍ॅडिनॉइड काढलं की पहिला नंबर येईल, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. आणि सौम्य त्रास असलेल्या मुलासाठी काही महिने थांबणं हा निष्काळजीपणा नाही.

नाक मोकळं झाल्यावर जबड्याची पाळी येते. वरच्या जबड्याचे डावे-उजवे भाग टाळूच्या मधोमध एका सांध्याने जोडलेले असतात. लहानपणी तो सांधा सैल असतो, वयात येताना पक्का होत जातो. या सैल वर्षांचा फायदा घेऊन टाळूला एक स्क्रू असलेलं उपकरण दाढांवर बसवतात. आई किल्लीने तो स्क्रू रोज पाव फेरा फिरवते. पाव फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर जबडा उघडतो. मुलीला सहा मिलिमीटर रुंदी हवी असेल तर चोवीस पाव फेरे, म्हणजे रोज एक याप्रमाणे चोवीस दिवस. काही डॉक्टर रोज दोन फेरे सांगतात, तर लहान मुलांत बरेच जण दोन दिवसांतून एकदा. मध्येच एक दिवस असा येतो की पुढच्या दोन दातांत चक्क फट पडते आणि घरात हलकल्लोळ होतो. ती फट म्हणजे सांधा उघडल्याची पावती असते आणि काही आठवड्यांत ती आपसूक मिटते. स्क्रूचं काम संपल्यावर उपकरण काढायची घाई करायची नाही. मधल्या पोकळीत नवं हाड भरायला निदान पाच-सहा महिने लागतात. लवकर काढलं तर जबडा मागे सरकतो.

जबडा रुंद केल्याने नाकाची तळाशी वाटही थोडी रुंदावते, हे खरं. पण जबडा नॉर्मल असताना केवळ श्वास सुधारावा म्हणून हे उपकरण बसवून घेणं, किंवा ऑनलाइन मिळणारे रबरी ‘ट्रेनर’ तोंडात घालून झोपवणं, याला भक्कम आधार नाही. आणि सध्या मोबाइलवर फिरणारं ओठांना रात्री चिकटपट्टी लावायचं खूळ मुलांच्या बाबतीत सरळसरळ धोकादायक आहे. नाक बंद असलेल्या मुलाची दुसरी वाटही बंद करायची, उलटी झाली तर तोंड उघडता येणार नाही, आणि हे सगळं त्याला झोपेत!

कधी जायचं, हा प्रश्न उरतो. सर्दी नसतानाही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं दोन-तीन महिने टिकलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. दात सरळ दिसत असले तरी साधारण सातव्या वर्षी, पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे दात आल्यावर, एकदा दातांच्या ठेवणीच्या तज्ज्ञाकडे. अरुंद जबडा रुंद करण्याचं सोपं वय तेच आहे. तेरा-चौदाव्या वर्षांनंतर तोच सांधा उघडायला अवघड होत जातो आणि मोठेपणी शस्त्रक्रियेची मदत लागू शकते. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तिथे बहुधा मणी, चिंचोका नाहीतर खोडरबराचा तुकडा अडकलेला असतो. बटणाच्या आकाराची घड्याळातली बॅटरी असेल तर ती काही तासांत नाकाचा पडदा जाळते. झोपेत श्वास थांबत असेल, ओठ निळसर पडत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, थेट रुग्णालयात न्यायचं.

खासगी दवाखाना परवडत नसेल तरी मार्ग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतं. दात आणि कान दोन्ही त्यांच्या तपासणीत असतात, आणि पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवायची जबाबदारीही त्यांचीच. दातांच्या ठेवणीसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. पथक शाळेत येईल त्या दिवशी डॉक्टरांना ‘दात वाकडे आहेत’ एवढंच सांगू नका. मूल घोरतं, तोंड उघडं टाकून झोपतं हे आधी सांगा आणि पहाटेचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवा.